राहूची गाठ

राहूबद्दल चांगलं बोलणारा माणूस आपल्याकडे सहसा भेटत नाही. पंचांगात राहूकाळ दिलेला असतो तो टाळण्यासाठी. घरात सारखी आजारपणं असली, की कुणीतरी हळूच राहूच्या दशेचा विषय काढतं. वसुलीवाले मागे लागले तर ते राहू-केतूसारखे लागलेत असं आपण म्हणतो. अशा या राहूला लंडन-न्यूयॉर्कच्या ज्योतिषात गेल्या शंभर वर्षांत एक वेगळंच काम मिळालं आहे. तिथे दोन प्रेमिक एकमेकांच्या पत्रिका शेजारी ठेवतात आणि माझा राहू तुझ्या चंद्रावर आहे का, हे मोठ्या आशेनं पाहतात. असेल तर ही भेट योगायोगाची नाही, गेल्या जन्मीचं काही राहिलेलं पुरं करण्यासाठी आपण भेटलो आहोत, असं समजतात. आता ही कल्पना मोबाईलवरून आपल्याकडेही आली आहे, आणि आपली तरुण मुलं ती फार जुनी भारतीय विद्या समजून स्वीकारत आहेत.

मी ज्योतिषी नाही. कवी आहे, बी. ए.पर्यंत शिकलेला. पण लहानपणी आमच्या घरात भिंतीवर मराठी दिनदर्शिका आणि फडताळात उर्दू जंत्री अशी दोन्ही असत, त्यामुळे या ग्रहांची नावं मला दोन्ही बाजूंनी ऐकून माहीत होती. पंचांगातला राहू जंत्रीत ‘रास’ होतो, म्हणजे अरबीत डोकं, आणि केतू होतो ‘ज़नब’, म्हणजे शेपूट. एकाच गोष्टीची ही दोन नावं. तेव्हा हा राहू भेटीगाठींचा देव केव्हा आणि कसा झाला, याचा शोध घ्यावासा वाटला. तो प्रवास आज सांगतो.

आधी राहू म्हणजे काय ते पाहू. आकाशात राहू नावाचा गोळा नाही. सूर्य वर्षभर आकाशातून ज्या वाटेनं जाताना दिसतो ती एक वाट, आणि चंद्राची दुसरी. या दोन वाटा एकमेकींना सुमारे पाच अंशांनी तिरप्या आहेत, म्हणून त्या दोन ठिकाणी एकमेकींना छेदतात. चंद्र जिथे सूर्याची वाट ओलांडून उत्तरेकडे चढतो तो बिंदू राहू, जिथे दक्षिणेकडे उतरतो तो केतू. दोघे नेहमी समोरासमोर, बरोबर १८० अंशांवर असतात. अमावास्या किंवा पौर्णिमा या बिंदूंच्या जवळ झाली तरच ग्रहण होतं. राहू चंद्र-सूर्याला गिळतो या गोष्टीमागचं गणित एवढंच आहे.

हे बिंदू स्थिर नसतात. ते उलटे सरकतात, मेषेतून मीनेत, मीनेतून कुंभेत. एक पूर्ण फेरी व्हायला त्यांना सुमारे १८.६ वर्षं लागतात. म्हणजे एका राशीत साधारण दीड वर्ष, आणि महिन्याला दीड अंशाहून थोडं जास्त. हा वेग लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

आता जुन्या लोकांनी दोन माणसांच्या जोडीचा विचार करताना या बिंदूंना काय स्थान दिलं? दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात टॉलेमीनं ग्रीक भाषेत ज्योतिषाचा जो ग्रंथ लिहिला, त्याच्या चौथ्या भागात लग्नाचं प्रकरण आहे. नवरा-बायकोच्या पत्रिका शेजारी ठेवायच्या आणि सूर्य-चंद्रांचं जुळतं का ते पाहायचं, ही पद्धत तिथे स्पष्ट सांगितली आहे. नवऱ्याचा चंद्र बायकोच्या सूर्याशी जुळला तर तो त्याला फार चांगला वाटतो. पाश्चात्त्य ज्योतिषात या कामाला ‘सिनॅस्ट्री’ म्हणतात, म्हणजे ताऱ्यांची सोबत. टॉलेमीच्या या जुळवणीत राहू नाही.

आपल्याकडची गुणमेलनाची पद्धत तर सगळ्यांना ठाऊक आहे. वर्णाचा एक गुण, वश्याचे दोन, असं चढत चढत नाडीच्या आठ गुणांपर्यंत जायचं, मिळून ३६. हे सगळे गुण चंद्राचं नक्षत्र आणि रास यांवरून काढतात. त्यातही राहूला एक गुणसुद्धा नाही. पूर्वजन्माचं म्हणाल, तर ते आपल्या ज्योतिषात आहेच. सहाव्या शतकात वराहमिहिरानं म्हटलं, की मागच्या जन्मी जे साठवलं त्याचं फळ हे शास्त्र दाखवतं, अंधारात दिव्यानं वस्तू दिसाव्यात तसं. पण तो बोलतो एका माणसाबद्दल आणि त्याच्या सगळ्या पत्रिकेबद्दल. तुझं माझं काही देणं राहिलं आहे आणि ते राहूच्या खात्यावर मांडलं आहे, असं त्याचं म्हणणं नाही.

अरबी-फारसी परंपरेतही तेच. ख्वारिज़मच्या अल्-बिरूनीनं १०२९ मध्ये ज्योतिषाचं एक प्राथमिक पुस्तक लिहिलं, त्यात डोकं आणि शेपूट यांचा नीट विचार आहे. त्या परंपरेत डोकं वाढवतं, शेपूट घटवते, असा ढोबळ नियम. दोन माणसांच्या भेटीसाठी त्या भाषांत दुसराच शब्द होता, ‘किरान’, म्हणजे ग्रहांची युती. अमीर खुसरोनं १२८९ मध्ये ‘किरान-उस्-सादैन’ नावाचं दीर्घकाव्य पुरं केलं. बंगालचा बुग़रा ख़ान आणि दिल्लीच्या तख्तावर बसलेला त्याचा मुलगा कैकुबाद, दोघे आपापली फौज घेऊन शरयूच्या काठांवर समोरासमोर आले आणि लढण्याऐवजी गळाभेट झाली, त्याचं ते काव्य. नावाचा अर्थ दोन शुभ ग्रहांची, गुरू-शुक्रांची युती. बाप-लेकाच्या भेटीला दरबारी कवीनं आकाशातली उपमा दिली, ती सर्वांत तेजस्वी ग्रहांची दिली. ग्रहणाच्या बिंदूची देण्याचं त्याच्या मनातही आलं नसेल.

मग हा बदल झाला कधी? या गोष्टीची एक वाट मुंबईतून जाते. १८७५ मध्ये न्यूयॉर्कला थिऑसॉफिकल सोसायटी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी मादाम ब्लाव्हॅट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबई बंदरात उतरले आणि गिरगावात राहू लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘थिऑसॉफिस्ट’ हे त्यांचं मासिक मुंबईतून निघालं. १८८२ च्या अखेरीस त्यांनी आपलं ठाणं मद्रासजवळ अड्यारला हलवलं. कर्म आणि पुनर्जन्म हे शब्द इंग्रजी वाचकांच्या रोजच्या बोलण्यात रुळवण्यात या मंडळींचा हात फार मोठा. पण त्यांनी ते शब्द जसेच्या तसे नेले नाहीत. आपल्याकडे जन्माचा फेरा हा सुटण्यासाठी होता. त्यांनी तो शाळेसारखा केला: प्रत्येक जन्मात एक धडा, आणि आत्मा वरच्या वर्गात जातो.

हा विचार ज्योतिषात आणला लंडनच्या ॲलन लिओनं. तो १८९० मध्ये सोसायटीचा सभासद झाला, आणि १९०९ व १९११ मध्ये भारतात येऊन गेला. त्याच्या बाबतीत एक गंमतीची, पण महत्त्वाची गोष्ट आहे. इंग्लंडच्या कायद्यानं पैसे घेऊन भविष्य सांगणं गुन्हा होता. लिओवर १९१४ मध्ये आणि पुन्हा १९१७ मध्ये खटला झाला, दुसऱ्या वेळी दंडही झाला. त्याचा बचाव असा, की मी घटना सांगत नाही, माणसाचा कल सांगतो. त्याच वर्षी तो वारला, पण ज्योतिषाची दिशा त्यानं वळवली होती. ‘पुढच्या महिन्यात काय होईल’ याच्याऐवजी ‘तुझा आत्मा कुठे निघाला आहे’ हा प्रश्न पुढे आला. घटनेचं भाकीत चुकतं आणि पकडलं जातं, आत्म्याचा प्रवास मात्र कुठल्याही कोर्टाला तपासता येत नाही.

पुढचं पाऊल टाकलं डेन रुध्यार यानं. हा १८९५ मध्ये पॅरिसला जन्मलेला संगीतकार, मूळ नाव दानिएल शेनव्हिएर. पुढे तो अमेरिकेत गेला, थिऑसॉफीकडे ओढला गेला आणि १९३६ मध्ये त्यानं व्यक्तिमत्त्वाचं ज्योतिष मांडणारा एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात राहू-केतूच्या रेषेला त्यानं नवा अर्थ दिला. केतू म्हणजे जे अंगवळणी पडलं आहे, सोपं आहे, मागून आलेलं आहे. राहू म्हणजे जे कष्टानं कमवायचं आहे, पुढची दिशा. १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन शुलमन याचं चंद्राचे पात आणि पुनर्जन्म यांवरचं पुस्तक आलं. कर्माचं ज्योतिष या मालेतलं ते पहिलं, आणि ते खूप खपलं. एकट्या माणसाची केतूकडून राहूकडे जाणारी ही रेषा दोन पत्रिकांवर लावायला मग फारसं काही लागलं नाही. तुझा एखादा ग्रह माझ्या केतूवर पडला तर तू माझी जुनी ओळख, माझ्या राहूवर पडला तर तू मला पुढे नेणारा.

म्हणजे ज्याला आपली मुलं वेदकाळचं समजतात ते बहुतांशी विसाव्या शतकातलं आहे. शब्द आपले आहेत, बांधणी तिकडची आहे. पण एखादी गोष्ट नवी आहे म्हणून ती खोटी ठरत नाही. ती तपासावी लागते. त्यासाठी एक खरी जोडी घेऊ.

३ मार्च १९०७, रविवार, व्हिएन्ना. झ्युरिकहून आलेला एकतीस वर्षांचा डॉक्टर कार्ल युंग पन्नाशीतल्या सिग्मंड फ्रॉईडला पहिल्यांदा भेटला. युंगनं पुढे सांगितलं, की दुपारी एकला बोलायला बसलो ते जवळपास तेरा तास बोलतच राहिलो. १९०९ च्या एका पत्रात फ्रॉईडनं युंगला आपला युवराज म्हटलं. सहा वर्षांत दोघांमध्ये सुमारे साडेतीनशे पत्रं झाली. आणि जानेवारी १९१३ मध्ये फ्रॉईडनं लिहिलं, की आपले खाजगी संबंध संपवू. दैवी भेट म्हणावी अशी ही भेट, आणि तसाच तुटलेला दोर.

आता पत्रिका पाहू. आकडे पाश्चात्त्य, म्हणजे सायन पद्धतीचे देतो. फ्रॉईडचा जन्म ६ मे १८५६ चा. त्या दिवशी राहू मेषेच्या साधारण २३ अंशांवर होता, म्हणून केतू तूळेच्या २३ वर. युंगचा जन्म २६ जुलै १८७५ चा. त्या दिवशी गुरू हा ग्रह तूळेच्या २३ ते २४ अंशांवर होता. म्हणजे युंगचा गुरू फ्रॉईडच्या केतूवर, अंशाला अंश भिडवून. निरयन पद्धतीनं पाहिलं तरी हे अंतर बदलत नाही. दोन्ही आकड्यांतून जवळपास सारखेच अयनांश वजा होतात, वीस वर्षांच्या अंतरानं पडणारा फरक पाव अंशाच्या आसपास.

कर्माचं ज्योतिष मानणाऱ्याला याहून काय हवं? गुरू म्हणजे शिकवण, केतू म्हणजे मागचा जन्म. दोघे पूर्वी गुरू-शिष्य होते, म्हणून पहिल्याच दिवशी तेरा तास. पण केतूपाशी थांबायचं नसतं, पुढे जायचं असतं, म्हणून फारकत. ऐकताना अंगावर काटा येतो. तो आला, की एक श्वास घ्यावा आणि दोन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: हा योग आणखी कुणाकुणाचा होता? १८७५ च्या त्या मोसमात गुरू वक्री होऊन पुन्हा मार्गी झाला, त्यामुळे तो तूळेच्या याच पट्ट्यात रेंगाळला. मे, जून आणि जुलै असे निदान तीन महिने तो फ्रॉईडच्या केतूपासून तीन अंशांच्या आत होता. त्या तीन महिन्यांत जगात जन्मलेल्या प्रत्येक मुलाचा, सोलापूरच्या विणकराच्या आणि चीनमधल्या शेतकऱ्याच्या मुलाचाही, गुरू फ्रॉईडच्या केतूवर होता. उलट बाजूनंही तेच. राहू महिन्याला दीड अंश सरकतो, म्हणून फ्रॉईडच्या आगेमागे महिना-दीड महिन्यात जन्मलेल्या सगळ्यांशी युंगचा हाच योग होता. या लाखो जोड्यांतली एकच व्हिएन्नात भेटली.

दुसरा प्रश्न: उलट घडलं असतं तर? समजा ते दोघे मरेपर्यंत मित्र राहिले असते. मग याच योगाला आपण ‘जुनी गाठ पुन्हा बसली’ असं म्हटलं असतं. कधी भेटलेच नसते, तर हा योग कुणी काढूनही पाहिला नसता. जे वाचन प्रत्येक शेवटाला लागू पडतं ते कुठलाच शेवट सांगत नाही.

आता तिसरी गोष्ट, हिशोबाची. असा योग दोन अनोळखी माणसांत किती वेळा सापडावा? प्रत्येकाच्या पत्रिकेत सूर्यापासून प्लूटोपर्यंत दहा ग्रह, वर लग्न आणि दशमबिंदू, असे बारा बिंदू धरा. माझा राहू आणि केतू तुझ्या बाराही बिंदूंशी ताडायचा, तुझे माझ्याशी. झाल्या ४८ शक्यता. युतीला दोन्ही बाजूंनी तीन अंशांची सूट दिली, ज्याला आपण दीप्तांश म्हणतो, तर ३६० अंशांपैकी सहा अंशांत बिंदू पडला की योग झाला. म्हणजे दर शक्यतेला साठात एक संधी. संधी लहान, पण ती ४८ वेळा मिळते. गणित केलं तर शंभर अनोळखी जोड्यांपैकी साधारण ५५ जोड्यांत एक तरी योग निघतो. सूट पाच अंशांची केली तर सुमारे ७४ जोड्यांत. हे ढोबळ आकडे आहेत, पण गोष्ट त्यातून कळते. फक्त सूर्य आणि चंद्र घेतले आणि सूट तीनच अंशांची ठेवली, तर मात्र आठात एक जोडी उरते.

राहूशी राहू जुळण्याचंही तसंच. दोन महिन्यांच्या आत जन्मलेल्या कुणाही दोघांचे राहू तीन-चार अंशांत असतातच. शाळेतल्या एका वर्गातली बहुतेक मुलं एकाच राशीच्या राहूची असतात. साडेअठरा वर्षांच्या अंतरानं पुन्हा तेच, आणि सव्वानऊ वर्षांचं अंतर असलं की एकाच्या राहूवर दुसऱ्याचा केतू. नवरा-बायकोच्या वयात नऊ वर्षांचं अंतर असणं आपल्याकडे एके काळी नेहमीचं होतं. गावंच्या गावं अशा कर्माच्या गाठींनी बांधलेली असतील आणि कुणाला पत्ताही नसेल.

या हिशोबाचं इतकं का मनावर घ्यायचं, ते सांगतो. माझ्या ओळखीतली एक मुलगी, नोकरी करणारी, हुशार. ज्या मुलावर तिचा जीव होता तो तिच्याकडून पैसे नेई, परत देत नसे आणि चारचौघांत तिचा अपमान करी. तिनं कुठूनतरी दोघांचा अहवाल विकत घेतला होता. त्याचा शनी हिच्या केतूवर, म्हणून हे मागच्या जन्मीचं देणं, ते फेडल्याशिवाय सुटका नाही, असं त्यात लिहिलं होतं. ती मला म्हणाली, “काका, फेडतेय.” दोन वर्षं ती फेडत होती. शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षं असतो. त्या मुलाच्या वर्गातल्या अर्ध्या-अधिक मुलांचा शनी हिच्या केतूच्या आसपास होता, पण त्यांच्यापैकी कुणाचं ती काही देणं लागत नव्हती. हे तिला कागदावर मांडून दाखवलं, तेव्हा ती बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली. पुढचा निर्णय तिनं स्वतः घेतला, त्याचं श्रेय मला नको.

ज्याला खरंच तपासायचं आहे त्याच्यासाठी रस्ता आहे, आणि तो युंगनंच चालून दाखवला. युंगला ज्योतिषाची ओढ फ्रॉईडच्या काळापासूनची. जून १९११ मध्ये त्यानं फ्रॉईडला कळवलं होतं, की संध्याकाळी मी पत्रिकांची गणितं करत बसतो. पुढे म्हातारपणी त्यानं विवाहित जोडप्यांच्या पत्रिका गोळा केल्या, आधी १८०, मग २२०, मग ८३, एकूण ४८३. टॉलेमीनं सांगितलेला चंद्र-सूर्याचा योग लग्न झालेल्यांत जास्त सापडतो का, हा प्रश्न. सूर्य, चंद्र, मंगळ, शुक्र, लग्न आणि सप्तम यांचे मिळून ५० योग त्यानं आधी ठरवून घेतले. राहू त्यात नव्हता. आणि सर्वांत चांगली गोष्ट त्यानं ही केली, की पहिल्या १८० पुरुषांपैकी प्रत्येकाला इतर १७९ जणांच्या बायकांशी कागदावर जोडलं. झाल्या ३२,२२० खोट्या जोड्या. खऱ्या जोड्यांत जे दिसतं ते खोट्या जोड्यांतही दिसतं का, हे त्यामुळे कळणार होतं.

पहिल्या १८० जोडप्यांत पहिला नंबर टॉलेमीच्याच योगाचा आला, बायकोचा चंद्र नवऱ्याच्या सूर्यावर, १० टक्के. आठ अंशांची सूट धरता केवळ योगायोगानं तो साडेचार टक्क्यांच्या आसपास यायला हवा. युंग हरखला. दुसऱ्या गठ्ठ्यात पहिला नंबर चंद्रावर चंद्राचा, जवळपास ११ टक्के. तिसऱ्यात चंद्र आणि लग्न यांचा, साडेनऊ टक्क्यांच्या वर. म्हणजे दर वेळी पहिला नंबर वेगळ्याच योगाचा. ५० घोडे पळवले तर कुठला तरी एक पुढे येणारच, पण दर शर्यतीत घोडा बदलत असेल तर त्याला वेगवान कसं म्हणायचं? मार्कुस फिएर्झ या पदार्थवैज्ञानिकानं हिशोब तपासून दिला, आणि हे सगळं योगायोगाच्या मर्यादेत बसतं हे युंगनं १९५२ च्या आपल्या निबंधात कबूल केलं. तिन्ही वेळा चंद्रच वर आला याचं त्याला नवल वाटत राहिलं, आणि त्या नवलाला त्यानं कारणाविना जुळून येण्याचं तत्त्व म्हटलं. ते पटो न पटो, त्यानं आकडे लपवले नाहीत.

युंगच्या चंद्राबद्दल एक राहिलं. तो वृषभेच्या १५ अंशांवर, आणि फ्रॉईडचा सूर्य वृषभेच्या १६ वर. टॉलेमीचा आवडता योग या दोघांत होताच. तरी सहा वर्षांत सगळं संपलं.

मग माणसाला एखादा चेहरा पाहताच जुनी ओळख का वाटते? वाटते खरी, ते मी नाकारणार नाही. माझ्या धर्मात पुनर्जन्म नाही, पण तिथेही एक हदीस सांगितली जाते. तिचा आशय असा, की देहात येण्याआधी आत्मे फौजेसारखे एकत्र होते, आणि तेव्हा ज्यांची ओळख पटली ते इथे एकमेकांकडे ओढले जातात. मराठीत त्याच अनुभवाला ‘ऋणानुबंध’ हा शब्द आहे, आणि मला तो फार आवडतो. पण हा शब्द आपण कधी वापरतो ते पाहा. वीस वर्षं शेजार केल्यावर, कुणी आजारपणात उशाशी बसल्यावर, निरोप देताना. मागे वळून पाहताना आपण तो म्हणतो, आणि त्यात आभार असतात. पहिल्या भेटीत हातात पत्रिका घेऊन तो कुणी म्हणत नसे. राहूच्या नव्या वाचनानं हीच गोष्ट उलटी केली. जे माणसांनी जगून कमवायचं ते आधीच लिहून दिलं, आणि आभाराच्या जागी हप्ता आणला.

फ्रॉईड आणि युंग यांची ती पत्रं १९७४ मध्ये पुस्तकरूपानं छापून आली. त्यात कौतुक आहे, मत्सर आहे, रुसवे आहेत, एकमेकांना समजून घेण्याची धडपड आहे, आणि शेवटी न समजल्याचं दुःख आहे. त्या दोघांमध्ये काय होतं हे ज्याला जाणून घ्यायचं आहे, त्याला तूळेच्या २३ व्या अंशापेक्षा त्या पत्रांतून कितीतरी जास्त कळेल.